वरून खाली विणायचा रॅगलन स्वेटर : ओळींचे गेज न जुळल्यास करायचा बदल

गळ्यापासून खाली विणत जायच्या रॅगलन स्वेटरमध्ये चार तिरक्या रेघांच्या दोन्ही बाजूंना टाके वाढवतात. एका वाढीच्या फेरीत ८ टाके वाढतात आणि बहुतेक नमुन्यांत ही वाढ एकाआड एक फेरीत येते. रुंदी टाक्यांवर ठरते, गळ्यापासून काखेपर्यंतची खोली मात्र फेऱ्यांवर. म्हणून १० सेंमीत बसणारे टाके नमुन्याशी जुळूनही ओळी जुळल्या नाहीत, तर छाती बरोबर येते आणि काख बिघडते. सुई बदलून हे सुटत नाही, कारण तिने दोन्ही मापे हलतात. टाके जुळवणारी सुई कायम ठेवावी आणि हिशेब ओळींचा बदलावा.

समजा, नमुन्यात १० सेंमीला २२ टाके व ३० ओळी आहेत. २० सेंमी खोलीसाठी ६० फेऱ्या आणि त्यांत ३० वाढी. विणणारीच्या हाताला टाके २२च पडतात, पण ओळी ३४. नमुन्याबरहुकूम विणल्यास खोली साडेसतरा सेंमीच्या आसपास राहते. काखेत कापड ओढले जाते आणि तिथून गळ्याकडे चुण्या पडतात. तिला ६८ फेऱ्या हव्यात, वाढी मात्र ३०च, नाहीतर छातीचे टाके चुकतील. मग २६ वाढी दर दुसऱ्या फेरीत (५२ फेऱ्या) आणि उरलेल्या ४ दर चौथ्या फेरीत (१६ फेऱ्या) घ्याव्यात. या संथ वाढी काखेजवळ ठेवलेल्या बऱ्या. गळ्याशी ठेवल्या तर खांद्यावर आवळते.

उलट १० सेंमीला २६च ओळी पडल्या, तर ५२ फेऱ्यांत ३० वाढी बसवायच्या असतात. २२ वाढी दर दुसऱ्या फेरीत आणि ८ वाढी सलग फेऱ्यांत घेऊन हे जमते. सलग वाढींनी रेघ फेंगडी दिसू लागली, तर एक-दोन वाढी गाळून तेवढे टाके काखेत जादा घालणे अधिक नीटस दिसते.

हे सारे माप घेण्यासाठी आधी विणून पाहायच्या नमुना-चौकोनावर अवलंबून आहे, आणि कोकणात चूक बहुधा तिथेच होते. किनाऱ्यावर कडाक्याची थंडी नसल्याने सुती किंवा सूतमिश्रित धागा सोयीचा, पण सूत स्वतःच्या वजनाने लांबते. त्यामुळे १० सेंमीत मावणाऱ्या ओळी कमी होतात. चौकोन गोल विणलेला, धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे जाड सूत वाळायला दोन-तीन दिवसही लागतात. दमट चौकोनावर घेतलेले माप फसवे. तो काही वेळ टांगून मगच मोजावा.

धडाची लांबी टेपने मोजता येत असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. बाहीच्या घटी मात्र पुन्हा मोजाव्या लागतात. नमुन्यात दर ८ फेऱ्यांनी घट असेल, तर ३४ ओळींच्या हाताला ती दर ९ फेऱ्यांनी येते.