औषध दुकानाचा काउंटर : संध्याकाळच्या गर्दीतील मांडणी

डॉक्टरांची चिठ्ठी घेणे, रॅकमधून औषध काढणे, ते तपासणे, बिल करणे आणि रुग्णाच्या हाती देणे ही कामे किरकोळ औषध दुकानात कोणी, कोठे व कोणत्या क्रमाने करायची, याची ठरवून केलेली आखणी म्हणजे काउंटरची मांडणी. चुकीचे औषध, चुकीची मात्रा किंवा एकाचे औषध दुसऱ्याच्या पिशवीत जाणे टाळण्यासाठी ती केली जाते. ही नोंद महाराष्ट्रातील दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या लहान मेडिकल दुकानाविषयी आहे.

अशा दुकानाचा खरा धंदा संध्याकाळी होतो. आसपासचे दवाखाने सहाच्या सुमारास उघडतात आणि पुढचे दोन-तीन तास काउंटरसमोर माणसे हटत नाहीत. किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट जागा लागते. बरीच दुकाने त्याहून फार मोठी नसतात. त्या जागेत ताज्या चिठ्ठ्या, महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नेणारे नेहमीचे लोक, बाम किंवा ओआरएस मागणारे, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चिठ्ठ्यांचे फोटो हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. फार्मासिस्टला औषधांची माहिती असते, तरी अशा वेळी चूक होते. एका चिठ्ठीवरून नजर उठते, दुसऱ्या चिठ्ठीवर जाते आणि परत येताना भलत्याच ओळीवर पडते. चिठ्ठीवरची औषधे फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिली जावीत, अशी औषधे नियम, १९४५ ची अट आहे. रात्री आठ वाजता ती खऱ्या अर्थाने पाळायची, तर फार्मासिस्टने कोठे उभे राहायचे हे आधी ठरलेले असावे लागते.

मांडणीतली पहिली वस्तू अगदी स्वस्त आहे : उथळ प्लास्टिकचे ट्रे. एका चिठ्ठीला एक ट्रे. चिठ्ठी ट्रेमध्ये पडते आणि बिल होईपर्यंत औषधांबरोबर तिथेच राहते. उघड्या काचेवर स्ट्रिपा ठेवायच्या नाहीत, कारण दोन माणसांची औषधे शेजारी आली की काउंटरवर हात फिरवताना एखादी स्ट्रिप सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एकाच घरातल्या दोघांच्या चिठ्ठ्या असल्या तरी ट्रे दोन. ट्रेची संख्याही मुद्दाम मर्यादित ठेवावी. तीन माणसांच्या दुकानाला पाच पुरतात. पाचही भरले असतील तर सहावी चिठ्ठी घ्यायची, टोकन द्यायचे, पण औषध काढायला सुरुवात करायची नाही. गिऱ्हाइकाला दोन मिनिटे जास्त थांबावे लागते, पण अर्धवट काढलेल्या दहा चिठ्ठ्या काउंटरभर पसरत नाहीत.

काम एकाच दिशेने जावे. सहा-सात फुटांचा काउंटर असेल तर एका टोकाला चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला बिल करून औषध द्यायचे. चिठ्ठी न लागणाऱ्या वस्तू, सॅनिटरी पॅड, बाम, खोकल्याच्या गोळ्या वगैरे, चिठ्ठी घेण्याच्या टोकाजवळ असाव्यात आणि मदतनिसाने त्या परस्पर द्याव्यात. तपासणीची जागा मात्र गिऱ्हाइकासमोर नको. मागच्या रॅकला लागून दीड-दोन फुटांची फळी बसवावी आणि फार्मासिस्टने तिथे, लोकांकडे पाठ करून, ट्रे तपासावा. लोकांना हे सुरुवातीला उद्धटपणाचे वाटते, पण ‘अहो, जरा हे बघा ना’ म्हणणाऱ्याची नजर चुकवायचा दुसरा मार्ग या जागेत नाही. दुकानाचा फोनही या फळीपासून दूर, मदतनिसाच्या हाताशी असावा.

फळीवर स्वतंत्र दिवा हवा. पुढचा फलक झगमगतो आणि स्ट्रिपच्या चंदेरी पाठीवरची बारीक छपाई अंधारात वाचावी लागते, असे कितीतरी दुकानांत दिसते. अमेरिकेतील एका लष्करी औषधालयात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामाच्या जागेवरचा प्रकाश सुमारे ४८५ लक्सवरून १५७० लक्सपर्यंत वाढवल्यावर चुकांचे प्रमाण ३.८ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले होते. आपल्याकडे फळीच्या वर हातभर अंतरावर पांढरी एलईडी पट्टी लावली तरी फरक जाणवतो. ती थोडी पुढे कलती लावावी, म्हणजे फॉइलवर चकाकी येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची शिस्त बिलाची आहे. किरकोळ बिलावर औषधाच्या नावासोबत बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख येते. बिल करणाऱ्याने ट्रेमधली स्ट्रिप हातात घेऊन तिच्यावरचे नाव, मात्रा आणि बॅच पाहून नोंद केली, तर ते आपोआप दुसरे वाचन ठरते. गर्दीत मात्र उलटे होते : चिठ्ठी बघून नाव टाइप होते, संगणक जी पहिली बॅच दाखवतो ती निवडली जाते आणि स्ट्रिपकडे कोणी पाहतच नाही. मग बिल चिठ्ठीशी जुळते, पिशवीतले औषध वेगळेच असते आणि रुग्णाला बिल पाहून खात्री वाटते. म्हणून नियम साधा ठेवावा : औषध काढणारा चिठ्ठी वाचतो, बिल करणारा स्ट्रिप वाचतो, आणि ही दोन माणसे वेगळी असतात. फार्मासिस्टनेही फळीवर तपासताना आधी स्ट्रिप वाचावी, मग चिठ्ठीवर ते नाव शोधावे. चिठ्ठी आधी वाचली तर मनात नाव बसते आणि मग डोळे स्ट्रिपवर तेच नाव पाहतात.

एक उदाहरण घेऊ. दहा किलो वजनाच्या बाळाला ताप आहे. चिठ्ठीवर पॅरासिटॅमॉल सिरप, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दर वेळी ६ मिलिलिटर, असे लिहिले आहे. म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम, किलोमागे १५ : योग्य मात्रा. त्याच कंपनीची ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची बाटली शेजारीच आहे, खोक्यावरचे चित्रही तेच. मदतनीस ती काढतो. ६ मिलिलिटर दिले की बाळाच्या पोटात ३०० मिलिग्रॅम जातात. दिवसातून चारदा दिले तर किलोमागे १२० मिलिग्रॅम होतात. दिवसाची नेहमीची कमाल मर्यादा ६० ते ७५ मिलिग्रॅम आहे. थेंबांची बाटली (१ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम) गेली, तर एकाच वेळी ६०० मिलिग्रॅम होतील. ही चूक तीन ठिकाणी पकडता येते. फळीवर फार्मासिस्ट बाटली वाचतो, ‘पाचात दोनशे पन्नास’, आणि चिठ्ठीत तो आकडा सापडत नाही. तिथून निसटली तर बिलावर २५० उमटते. तिथूनही निसटली, तर औषध देताना आईला वजन विचारून आणि मापाच्या झाकणावर ६ ची रेघ दाखवून हिशेब केला की कळते. चिठ्ठीवर नुसते ‘सिरप ६ मिली’ असेल आणि तीव्रता लिहिलेली नसेल, तर अंदाज करायचा नाही; समोरच्या दवाखान्यात फोन करायचा. १२५ ची बाटली संपली म्हणून २५० ची देऊन ‘तीन मिली द्या’ असे दुकानाने परस्पर ठरवणेही योग्य नाही. तो बदल डॉक्टरांना विचारून, चिठ्ठीवर नोंदवूनच व्हावा.

हे उदाहरण रॅककडे नेते. बहुतेक दुकानांत औषधे ब्रँडच्या नावाच्या अक्षरानुसार लावलेली असतात. शोधायला ते सोयीचे असले तरी सारख्या नावांची आणि एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या मात्रांची खोकी त्यात शेजारी येतात. टेल्मिसार्टन ४० ची साधी, ‘एच’ आणि ‘एएम’ लागलेली अशा तीन स्ट्रिपा, किंवा ग्लिमेपिराइड १ आणि २ मिलिग्रॅमची मेटफॉर्मिनसह येणारी जोडी, हे नेहमीचे सापळे आहेत. पूर्ण रॅक नव्याने लावण्याची गरज नसते. अशा आठ-दहा जोड्यांमधले एक औषध दुसऱ्या कप्प्यात हलवावे आणि मूळ जागी पुठ्ठ्याचे कार्ड उभे करावे : ‘२ मिग्रॅ खालच्या खणात’. हात कार्डावर आपटतो आणि माणूस क्षणभर थांबतो. मेथोट्रेक्सेट तर सामान्य रॅकमध्ये नकोच. संधिवातासाठी ती गोळी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर जीवघेणी ठरू शकते. ती फार्मासिस्टच्या फळीखालच्या खणात ठेवावी आणि आठवड्याचा वार पाकिटावर लिहिल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये.

आपल्याकडच्या सुट्या विक्रीमुळे आणखी एक धोका येतो. दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापून दिल्या की उरलेला चार गोळ्यांचा तुकडा घाईत जवळच्या खोक्यात जातो आणि तुकड्यावर नाव नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला भलतीच गोळी मिळते. म्हणून नाव, बॅच आणि मुदत छापलेला भाग दुकानात राहील अशा बेताने उलट्या टोकाकडून कापावे. नेणाऱ्याच्या तुकड्यावर नाव आले नाही, तर ते पाकिटावर लिहावे. उरलेले तुकडे गर्दीत कोणीही रॅकमध्ये परत ठेवू नयेत. एका बंद डब्यात टाकावेत आणि गर्दी ओसरल्यावर फार्मासिस्टने एकेक वाचून जागेवर लावावेत. ज्याच्यावर नाव वाचता येत नाही, तो तुकडा विकायचा नाही.

औषध देतानाचा प्रश्न उघडा असावा. ‘हे पाटलांचं ना?’ असे विचारले की गडबडीतला माणूस मान हलवतो. ‘पेशंटचं नाव काय? डॉक्टरांनी कशासाठी दिलंय?’ असे विचारले तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. शुगरची गोळी हातात असताना ‘गुडघ्यासाठी’ असे उत्तर आले तर ट्रे परत फळीवर जातो. १-०-१ अशी वेळ स्ट्रिपवर मार्करने लिहिताना औषधाचे नाव झाकले जाणार नाही, इतकीही काळजी घ्यावी. नाव झाकलेली स्ट्रिप पुढच्या वेळी दाखवायला आणली की नवा घोळ होतो.

एकट्याने चालवलेल्या दुकानात दुसरे वाचन करायला माणूस नसतो. तिथे औषध काढल्यावर ट्रे लगेच तपासू नये; पुढची चिठ्ठी घ्यावी, टोकन द्यावे आणि मग मागचा ट्रे तपासावा. मधल्या मिनिटभरात डोक्यातले नाव थोडे पुसले जाते. तरीही दोन माणसांच्या तपासणीची बरोबरी होत नाही, हे मान्य करून अशा दुकानाने ट्रे दोनच ठेवावेत.

शटर ओढण्याआधी हलवलेल्या आठ-दहा जोड्यांचा साठा मोजावा. संगणकाच्या हिशेबाने १ मिलिग्रॅमची एक स्ट्रिप जास्त आणि २ मिलिग्रॅमची एक कमी निघाली, तर त्या संध्याकाळी अदलाबदल झाली आहे. या औषधांची बिले थोडी असतात आणि बिलावर मोबाइल नंबर असेल तर त्याच रात्री फोन करून गोळी बदलता येते. चिठ्ठीच चुकीची वाचली असेल आणि बिलही तसेच झाले असेल, तर ही मोजणी काही सांगत नाही. तिथे साठा तंतोतंत जुळतो. त्यासाठी या जोड्यांपैकी औषध असलेल्या चिठ्ठीचा फोटो बिल करतानाच काढून ठेवावा आणि मोजणीच्या वेळी फोटो व बिल समोरासमोर ठेवून पाहावे.