दोन कार्डं, एक लोन: आधी कुठलं संपवायचं आणि व्याज किती वाचतं

आमच्याकडे रिटर्न भरायला येणारे बरेच जण निघता निघता विचारतात, दोन कार्डं थकलीत, एक पर्सनल लोन चालू आहे, महिन्याला थोडेफार उरतात, तर आधी कुठलं संपवू? दरवेळी तेच गणित पाठकोऱ्या कागदावर करून द्यायचं, त्यापेक्षा म्हटलं एकदा नीट छापूनच टाकू.

उदाहरणच घेऊ. पहिल्या कार्डावर ६०,००० बाकी, व्याज महिना ३.५ टक्के. दुसऱ्यावर ३०,००० बाकी, महिना ३ टक्के. पर्सनल लोनचे दीड लाख बाकी, वर्षाला १६ टक्के, २४ हप्ते राहिलेत, हप्ता साधारण ७,३४५. घरखर्च भागवून कर्जासाठी महिन्याला १५,००० बाजूला निघतात. म्हणजे हप्ता वजा जाता दोन कार्डांसाठी ७,६५५ उरले.

आधी एक गोष्ट, जी बरेच जण धरतच नाहीत. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३.५ टक्के म्हणतात ते प्रत्यक्षात महिना ४.१३ पडतं आणि ३ चं ३.५४ होतं. लोनच्या व्याजावर जीएसटी नाही, ते महिना १.३३ च. म्हणजे क्रम लावायला डोकं खाजवायची गरज नाही, पहिलं कार्ड, मग दुसरं, मग लोन. बाकी कुणाची किती मोठी आहे ते बघायचं नाही, टक्का बघायचा. फक्त सगळे टक्के एकाच मापात आणा, कारण शोरूमवाला गाडीच्या लोनला ९ टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, सांगतो ते तीन वर्षांसाठी घेतलं तर बँकेच्या नेहमीच्या घटत्या बाकीच्या हिशोबाने सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातं, ते ९ समजून यादीत खाली टाकलंत तर क्रम चुकला.

आता मिनिमम ड्यू भरत राहिलात तर काय होतं ते बघू. बऱ्याच कार्डांना मिनिमम म्हणजे बिलाच्या ५ टक्के असतं. पहिल्या कार्डावर पहिल्या महिन्याचं व्याज जीएसटी धरून २,४७८, बिल झालं ६२,४७८, त्याचे ५ टक्के ३,१२४. तुम्ही ३,१२४ भरले आणि बाकी ६०,००० वरून किती खाली आली, तर ५९,३५४. फक्त ६४६ रुपये! पुढच्या महिन्यात बाकी जरा कमी म्हणून मिनिममही जरा कमी, आणि खरी मेख इथेच आहे, कारण बँक तुमचा हप्ता आपणहून कमी करत जाते आणि आपल्याला बरं वाटतं. याच चालीने वर्षभरात ३५,००० च्या वर भरून बाकी ५२,७०० च्या आसपास राहते. वीस वर्षं भरत राहिलात तरी चारेक हजार शिल्लक असतात आणि तोवर नुसत्या व्याजापोटी २ लाख १३ हजार गेलेले असतात. दुसरं कार्ड असंच चार हजारांवर यायला दहा वर्षं घेतं आणि ५६,००० व्याज खातं. दोन्ही मिळून पावणेतीन लाखांच्या जवळपास, आणि हे नव्वद हजारांच्या उधारीवर.

आता आपली पद्धत. कार्डांसाठीचे ७,६५५ दर महिन्याला तेवढेच ठेवायचे, मिनिमम कितीही खाली आलं तरी. दुसऱ्या कार्डाचं फक्त मिनिमम भरायचं, म्हणजे लेट फी लागत नाही आणि सिबिल बिघडत नाही, आणि उरलेलं सगळं पहिल्यावर. पहिल्या महिन्यात दुसऱ्याचे १,५५३ जातात आणि पहिल्यावर ६,१०२ पडतात. असं करत तेराव्या महिन्यात पहिलं कार्ड शून्य होतं, तिथून अख्खे ७,६५५ दुसऱ्यावर, आणि सोळाव्या महिन्यात तेही साफ. एकूण भरले १,२२,३०० च्या आसपास, त्यात व्याज ३२,३००. म्हणजे मिनिममच्या वाटेपेक्षा दोन लाख छत्तीस हजारांच्या पुढे वाचले.

काही जण म्हणतात आधी लहान कार्ड उडवून टाकू, एक कटकट तरी गेली. तेही करून बघितलं. छोटं कार्ड आठव्या महिन्यात संपतं, पण सगळं संपायला सतरा महिने लागतात आणि व्याज ३४,४०० च्या आसपास होतं. फरक दोन हजार शंभरच्या आत! आमचं मत विचाराल तर मोठ्या टक्क्याचं आधी, पण एक कार्ड मोडून टाकल्यावर हुरूप येत असेल आणि त्यानेच तुम्ही टिकणार असाल तर एवढे दोन हजार मोजायला हरकत नाही. क्रमाने हजार-दोन हजार वाचतात, रक्कम कमी न होऊ देण्याने लाख वाचतात.

स्वतःचं गणित करायचं असेल तर एक्सेलमध्ये A2 ला बाकी, B2 ला महिन्याचा टक्का 3.5% असा चिन्हासकट, C2 ला भरणा टाका आणि A3 मध्ये हे लिहून खाली ओढा, C मध्ये दर महिन्याचा भरणा भरत जा:

```
=A2*(1+$B$2*1.18)-C2
```

लोनसाठी 1.18 काढून टाका. मिनिममचं चित्र बघायचं असेल तर C2 मध्ये हे लिहून तेही खाली ओढा:

```
=A2*(1+$B$2*1.18)*5%
```

C ची बेरीज वजा सुरुवातीची बाकी म्हणजे व्याज, अर्थात बाकी शून्यावर आली असेल तरच, नाहीतर जी उरली तीही बेरजेत मिळवा. दोन्ही पद्धतींच्या व्याजातला फरक हीच तुमची बचत.

हे गणित कुठे फसतं तेही सांगतो. बाकी पुढे नेत असाल तर नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवस जातात, खरेदीच्या दिवसापासूनच मीटर चालू होतं, म्हणून त्या कार्डावर किराणा, पेट्रोल सगळं बंद, नाहीतर वरचे आकडे विसरा. व्याज रोजच्या बाकीवर बसतं, तेव्हा पगार १ तारखेला आला तर ड्यू डेट २० असली तरी १ लाच भरून टाका. आणि पूर्ण बिल भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटला परत दोन-तीनशे दिसले तर घाबरू नका, बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं, तेवढं भरलं की संपलं. फायनान्स चार्जेसची ओळ कोरी आली की कार्ड खरंच सुटलं समजा.

राहिलं लोन. सोळा महिन्यांनी त्याची बाकी ५५,४०० च्या आसपास असते, आणि १५,००० पूर्ण लावले तर आठ महिन्यांचं चार महिन्यांत उरकतं, व्याज वाचतं पंधराशेच्या वर. पण फिक्स्ड रेटच्या लोनला आधी भरल्याबद्दल चार्ज असू शकतो. समजा जादा भरलेल्यावर ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, तर इथे तेच तेराशेच्या आसपास होतात आणि हातात उरतात जेमतेम अडीचशे. असं असेल तर लोन ठरल्या हप्त्याने जाऊ दे, ते पैसे बँकेत बाजूला राहू देत. सँक्शन लेटर घरी सापडत नसेल तर लोन अकाउंट नंबर घेऊन या, चार्जचं कलम कुठे असतं ते दाखवतो.