महिन्याचं शेड्यूल २२ तारखेपर्यंत आणि दोन रकान्यांत का मागतो?

(आमच्या नियमित मोल्डिंग ग्राहकांसाठी)

"पीओ दिलाय ना, मग वेगळं शेड्यूल कशाला?" आणि "मशीन तुमचंच आहे, दोन हजार नग उद्या काढून द्यायला काय हरकत आहे?" हे दोन प्रश्न आम्हाला दर महिन्याला येतात. फोनवर घाईघाईत त्यांचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

दर महिन्याच्या २५ तारखेला आमच्याकडे पुढच्या महिन्याची बैठक असते. मार्केटिंग बघणारे, शॉपफ्लोअरचे सुपरवायझर, दाणा आणि मास्टरबॅच मागवणारे, टूलरूमचे मिस्त्री आणि मालक एवढीच माणसं, दीडेक तास. टेबलावर एकच कागद असतो. त्यावर डावीकडे कुणाला किती नग हवेत ते, आणि उजवीकडे त्यासाठी कुठल्या मशीनचे किती तास लागतील ते. मार्केटिंगला नगांची भाषा कळते, शॉपफ्लोअरला तासांची. दोन्ही एका कागदावर आल्या की जे काही भांडण व्हायचं ते २५ तारखेलाच होऊन जातं, तुमचा टेम्पो गेटवर उभा असताना होत नाही.

बैठकीत सगळा जोर १५० टनी मशीनवर असतो. बाकी मशीनवर थोडं मागेपुढे करता येतं, पण हे एकच मशीन असं आहे की त्याच्यावर निम्म्याहून जास्त ग्राहकांचे मोल्ड चढतात. भोसरीत गुरुवारची सुट्टी धरली तर महिन्याला साधारण २६ दिवस मिळतात. दोन पाळ्यांत जेवणखाण, साफसफाई आणि बारीकसारीक थांबे वजा जाता दिवसाला १५ तास, म्हणजे महिन्याला ३९० तास. त्यातले २० आम्ही मुद्दाम मोकळे ठेवतो, कारण इजेक्टर पिन तुटली किंवा हीटर गेला तर ते तास कुठूनतरी काढावे लागतातच. वाटून द्यायला उरतात ३७०.

आता एका महिन्यात काय झालं ते पाहा. एका ग्राहकाने पांढऱ्या झाकणांचं ६०,००० चं शेड्यूल दिलं. आमच्या मोल्डवर तासाला ४०० चांगली झाकणं निघतात, म्हणजे १५० तास. दुसऱ्याच्या काळ्या नायलॉन क्लिप ५४,०००, तासाला ३०० या हिशोबाने १८० तास. मोल्ड चढवून, सेटिंग करून पहिला नग पास होईपर्यंत सरासरी तीन तास जातात. तीन मोल्डचे नऊ. उरले ३१ तास. तिसऱ्या ग्राहकाला राखाडी नॉब हवे होते २५,०००, तासाला ५०० म्हणजे ५० तास. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं की या महिन्यात १५,००० देऊ, उरलेले पुढच्या महिन्यात. त्यांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांनी १०,००० दुसरीकडून घेतले.

१८ तारखेला झाकणवाल्यांचा फोन आला: "४०,००० पुरेत, बाकी पुढच्या महिन्यात बघू." त्यांचं पक्कं काम पहिल्यापासून ४०,००० चंच होतं. वरचे २०,००० त्यांच्या सेल्सला मिळतील अशी आशा असलेल्या ऑर्डरचे होते, आणि "ऐन वेळी माल कमी नको पडायला" म्हणून ते आकड्यात घातलेले. त्या २०,००० चे तास होतात ५०. नॉबची अख्खी ऑर्डर तेवढ्यात निघाली असती. १८ तारखेला ते तास मोकळे झाले खरे, पण तोवर नॉबवाले दुसरीकडे गेले होते, आणि राखाडी मास्टरबॅचही १५,००० पुरताच मागवलेला होता. तो शेड जुळवून यायला आठ-दहा दिवस लागतात. पांढऱ्या झाकणांचा जास्तीचा दाणा मात्र आमच्या गोदामात पडून राहिला.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो याच एका गोष्टीत: पक्की ऑर्डर आणि आशा एकाच आकड्यात मिसळून पाठवणं. कमी आकडा आला तरी एक वेळ निभावतं. फुगवलेला आकडा बैठकीत अगदी खराच दिसतो आणि कागदावर दुसऱ्याची जागा अडवून बसतो. पुढच्या महिन्यात त्याच नियमाने तुमची जागा दुसरा कुणी अडवतो.

म्हणून शेड्यूलच्या नमुन्यात आता दोन रकाने आहेत, 'पक्कं' आणि 'अंदाज'. पक्कं म्हणजे जे तुम्ही त्या महिन्यात उचलणारच. त्याच्यासाठी मशीनचे तास लावतो आणि दाणाही मागवतो. अंदाजासाठी तास लावत नाही, पण मास्टरबॅच आणि पॅकिंगची तयारी ठेवतो, कारण उशीर होतो तो तिथेच. अंदाजाचा आकडा मोठा दिला तरी आमची तक्रार नाही, फक्त तो त्याच्या रकान्यात राहू द्या.

बैठकीनंतर पहिले दोन आठवडे आम्ही बंद करतो, म्हणजे त्यातला मोल्डचा क्रम बदलत नाही. पुढचे दोन आठवडे दर सोमवारी तपासून हलवता येतात. यावर काहीजण म्हणतात, छोटं युनिट असून मोठ्या कंपनीसारखे नियम कशाला. छोटं युनिट आहे म्हणूनच. आमच्याकडे फिरवायला दुसरं १५० टनी मशीन नाही.

"फक्त दोन हजार झाकणं मध्ये घुसवा" यात काय जातं तेही सांगतो. आम्ही रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे लावतो: आधी पांढरं, मग राखाडी, शेवटी काळं. काळी क्लिप चालू असताना पांढरं झाकण लावायचं तर बॅरल आणि स्क्रू पर्ज करण्यात तास जातात, किलोंनी दाणा वाया जातो, आणि तरीही सुरुवातीच्या झाकणांवर काळे ठिपके येतात. तेच नग मग तुमच्याच इनवर्डला रिजेक्ट होतात. नायलॉनची गोष्ट वेगळी. तो हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे साधारण ८० अंशांवर चार तास सुकवल्याशिवाय चालवता येत नाही. घाईत तसाच चालवला तर नगावर चंदेरी रेषा येतात आणि क्लिप बसवताना तुटते. संध्याकाळी सहाला फोन करून सकाळी आठला नायलॉनचा माल मागणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

तुमची लाइन खरोखरच बंद पडत असेल तर मात्र जरूर फोन करा, राखीव २० तास त्यासाठीही आहेत. अशा वेळी आमचे मार्केटिंगचे लोक "अर्ध्या तासात सांगतो" म्हणतील. ती टाळाटाळ नसते. शॉपफ्लोअरला विचारल्याशिवाय कुणीही तारीख द्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. त्यामुळे मिळालेली तारीख सहसा पाळली जाते.

सलग तीन महिने ज्यांची उचल 'पक्कं' रकान्याच्या दहा टक्के मागेपुढे राहते, त्यांच्या नेहमीच्या नगांचा एका आठवड्याचा तयार साठा आम्ही आमच्या खर्चाने ठेवतो. त्यांना अर्जंट म्हणून फोन करायची वेळ फारशी येत नाही. नव्या ग्राहकांना पहिल्या महिन्यात आकडे वेगळे करायला अवघड जातं. तुमचे पर्चेस आणि सेल्सचे लोक एकत्र बसणार असतील तर आमचा माणूस येऊन नमुना भरून घेईल, त्याचे पैसे नाहीत.

नमुना दर महिन्याच्या पहिल्या बिलासोबत येतो. २२ तारीख गुरुवारी आली तर बुधवारी पाठवा. त्यानंतर आलेलं शेड्यूलही घेतो, पण ते उरलेल्या तासांत बसवावं लागतं.