खाचेचा उतार कोणत्या रंगासाठी?

परावर्तक ग्रेटिंगवर, म्हणजे समांतर बारीक खाचा असलेल्या आरशावर, लेसर टाकला की भिंतीवर ठिपक्यांची रांग उमटते. मधला ठिपका आरशासारख्या परावर्तनाचा, म्हणजे शून्य ऑर्डरचा. त्याच्या बाजूला पहिली, मग दुसरी. खाचा सपाट तळाच्या आणि उथळ असतील तर बहुतेक वेळा मधलाच ठिपका सर्वांत ठळक दिसतो, आणि वर्णपटासाठी नेमका तोच निरुपयोगी, कारण तिथे सगळे रंग एकत्रच राहतात.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. खाचा करवतीच्या दात्यांसारख्या तिरक्या करायच्या. मग प्रत्येक उतार हा एक इवलासा कललेला आरसा होतो. ठिपके कुठे पडणार हे खाचांमधलं अंतर ठरवतं, त्यामुळे उतार बदलला तरी ते जागचे हलत नाहीत. बदलतो तो प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश. उताराचा आरसा ज्या दिशेला प्रकाश फेकतो, तिथेच पहिली ऑर्डर पडत असेल तर बहुतेक प्रकाश तिला मिळतो.

हा कोन काढणं सोपं आहे. प्रकाश उतारावर काटकोनात पडून आल्या वाटेने परततो असं धरलं, तर पहिल्या ऑर्डरसाठी λ = 2d sin θ; λ ही तरंगलांबी, d खाचांमधलं अंतर आणि θ उताराचा कोन. मिलिमीटरला 1200 खाचा म्हणजे d सुमारे 833 नॅनोमीटर. 500 नॅनोमीटरच्या हिरव्या रंगासाठी sin θ येतो 0.3, म्हणजे उतार साधारण साडेसतरा अंशांचा. प्रत्यक्ष उपकरणात येणारा आणि जाणारा किरण यांच्यात 30 अंशांचा कोन असेल, तर हेच ग्रेटिंग 483 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत उजळ ठरतं.

पण रंग निवडायचा कसा? 400 ते 800 नॅनोमीटर मोजायचे असतील तर मधला 600 घ्यावासा वाटतो. तिथेच गफलत होते. शिखराच्या निळ्या बाजूला उजेड झपाट्याने पडतो, लाल बाजूला सावकाश. साध्या हिशेबाने 600 नॅनोमीटरसाठी उतार दिलेल्या ग्रेटिंगमध्ये 400 ला शिखराच्या जेमतेम 40 टक्के उरतात; 500 चं घेतलं तर 400 ला 80 आणि 800 ला 60 टक्के. त्यात हॅलोजनचा दिवा आणि सिलिकॉनचा डिटेक्टर, दोघेही निळ्यात कमजोर. म्हणून मी 500 चंच घेईन. प्रत्यक्षात ध्रुवीकरणानुसार हे आकडे बरेच सरकतात, खाचा दाट असतील तर जास्तच.

एक मात्र लक्षात ठेवावं लागतं: 250 नॅनोमीटरची दुसरी ऑर्डरही 500 च्याच दिशेला जाते, आणि उतार तिलाही तितकाच उजळवतो. तिला अडवायला फिल्टर लावावा लागतो.

ग्रेटिंगच्या कडेला बहुधा ब्लेझची, म्हणजे खाचांच्या या उताराची, दिशा दाखवणारा बाण असतो. ते उलटं बसलं तर वर्णपटातल्या रेषा जागच्या जागी दिसतात, फक्त फिक्या. अशा वेळी लेसर टाकून दोन्ही बाजूंच्या पहिल्या ऑर्डरी पाहाव्यात. ठळक ठिपका भलत्या बाजूला दिसला की ग्रेटिंग काढून 180 अंशांत फिरवायचं.