रोज लागतं ते आणि हाताशी येतं ते

ऐरोलीच्या आमच्या घरात चहा-साखरेचे डबे बारा वर्षं एकाच जागी होते. ओट्यावरच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, सगळ्यात पुढे. का, असं कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, रोज लागतात म्हणून. गेल्या श्रावणात सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच दुपारी चहा टाकण्यासाठी त्यांनी स्टूल ओढलं.

"अगं, हे रोजचे डबे ना? मग वर कशाला चढवून ठेवलेस?"

तेव्हा मी मेजपट्टी आणली. ओटा जमिनीपासून 34 इंच. वरचं कपाट ओट्याच्या वर 22 इंचांवर सुरू होतं, म्हणजे पहिली फळी 4 फूट 8 इंचांवर. दुसरी तिच्या वर 14 इंच, म्हणजे 5 फूट 10 इंच. सासूबाईंची उंची 4 फूट 10 इंच. नुसता हात वर केला तर त्यांची बोटं साधारण 5 फूट 10 इंचांपर्यंत जातात, पण ओटा आडवा येतो. तो 24 इंच रुंद आहे आणि वरचं कपाट 12 इंचच खोल, त्यामुळे कपाटाचं दार ओट्याच्या कडेपासून फूटभर मागे राहतं. हात पुढे झुकवला की पोच तीन-चार इंचांनी कमी होते. माझी उंची 5 फूट 3 इंच. मला डबा जेमतेम मिळत होता, म्हणून इतकी वर्षं काही खटकलंच नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एखादी गोष्ट किती वेळा लागते, हा त्या वस्तूचा हिशेब. ती किती सहज निघते, हा जागेचा आणि काढणाऱ्या माणसाच्या उंचीचा. ‘पुढे’ ठेवणं म्हणजे फळीवरच्या रांगेत पहिला नंबर देणं. फळीच चुकीची असेल तर त्या नंबराला अर्थ नाही.

वापर मोजायला मी सोपा उपाय केला. कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि आठवडाभर, ज्याने जे काढलं त्याने त्याच्यापुढे रेघ मारायची, असं ठरवलं. साखरेला 38 रेघा, चहाला 31, मिसळणाच्या डब्याला 19. कॉफीला 2. आणि ज्या बेकिंगच्या भांड्यांना मी ओट्याखालची सगळ्यात चांगली ट्रॉली दिली होती, त्यांना एकही नाही. आपल्याला ‘बऱ्याचदा लागतं’ असं जे वाटतं, त्यात आवडीचा भाग फार असतो.

सहजता मोजायला रेघा चालत नाहीत, हालचाली मोजाव्या लागतात. दार उघडणं एक. पुढचा डबा बाजूला करणं दुसरी. एकावर एक डबे असतील तर वरचा उतरवणं तिसरी, आणि नंतर तो परत चढवणं चौथी. वाकणं किंवा टाचा उचलणं आणखी एक. रोजची वस्तू दोन हालचालींत हातात यायला हवी. सहज जागा म्हणजे ढोबळमानाने खांद्यापासून खाली सोडलेल्या हाताच्या मुठीपर्यंतचा पट्टा. पाच फुटी बाईसाठी तो जमिनीपासून साधारण 2 फुटांपासून 4 फुटांपर्यंत येतो. गंमत अशी की या पट्ट्याच्या बरोबर मध्ये ओटा आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली खरी सोन्याची जागा म्हणजे ओट्याची मागची कड आणि ओट्याखालची सगळ्यात वरची ट्रॉली. वरचं कपाट, जिथे आपण सगळे डबे हौसेने मांडतो, ते पट्ट्याच्या बाहेरच सुरू होतं.

ओट्याखाली ट्रॉली आहे की नुसत्या फळ्या, यानेही बराच फरक पडतो. ट्रॉली ओढली की मागचं पुढे येतं. फळीवर मागे गेलेला डबा पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडतो, तोही आतल्या पोरकिड्यांसकट.

आमची खरी पंचाईत कणकेने केली. कणीक रोज दोनदा लागते, तेव्हा रेघांच्या हिशेबाने तिला वरची ट्रॉली मिळायला हवी. पण डबा दहा किलोचा. तो ट्रॉलीत बसत नाही, आणि बसवलाच तर त्या वजनाने ट्रॉली रुळावरून अडखळायला लागते. आधी तो फळीवर होता. सासूबाई दोन्ही हातांनी उचलून खाली आणायच्या, तेव्हा माझा जीव वर-खाली व्हायचा. इथे वापर एक सांगतो आणि हात दुसरंच. भांडण मिटवायला वस्तूचेच दोन भाग करावे लागले. दीड किलोचा चालू डबा वरच्या ट्रॉलीत, परातीशेजारी, आणि मोठा डबा सगळ्यात खाली, जमिनीलगत. आठवड्याला दोनदा चालू डबा भरला की झालं. तांदूळ, तेल, तुरीची डाळ यांचंही तसंच केलं. उन्हाळ्यात तुर्भ्याच्या एपीएमसीतून आणलेली वर्षाची मिरची आणि धणे तर साठाच, त्यांना हाताशी ठेवायचं कारणच नाही. मात्र तो साठा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरते आणि मिरचीला बुरशी यायला तेवढं पुरतं.

मिसळणाच्या डब्याच्या बाबतीत मी उलटी चूक केली. हाताशी हवा म्हणून तो शेगडीला खेटून ठेवला. हात पोचायचा छान, पण फोडणीची वाफ आणि आच दोन्ही डब्याला लागायची. पावसाळ्यात हळदीच्या गुठळ्या झाल्या, जिऱ्याचा वास गेला. आता तो शेगडीपासून दीड हात दूर, ट्रॉलीत असतो. एक हालचाल वाढली, मसाला टिकला.

रेघा मोजून काही गोष्टी माळ्यावर जातात आणि जाऊ नयेत. टॉर्च, मेणबत्ती-काडेपेटी, भाजल्यावर लावायचं मलम यांना महिनाभरात एकही रेघ पडत नाही. पण लागतात तेव्हा अंधारात किंवा एका हाताने काढाव्या लागतात. त्यांना वरच्या ट्रॉलीचा कोपरा दिला. याउलट नळ साफ करायचं ॲसिड दर आठवड्याला लागतं, तरी घरात लहान मूल येणार असेल तर ते मुद्दाम अवघड जागीच बरं. लाडवांच्या डब्यालाही मी हाच नियम लावला, कारण घरात मधुमेही माणूस आहे. तो नियम फारसा यशस्वी झालेला नाही.

राहिला माळा. तिथे वर्षातून एकदा लागणारं, पण हलकंच ठेवावं. मोदकपात्र ॲल्युमिनियमचं आहे, ते चालतं. पितळेचा सोऱ्या आणि पुरणयंत्र स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वरून उतरवणं धोक्याचं, म्हणून ते तळाच्या ट्रॉलीत मागे गेले. मोदकपात्रही गणपतीच्या आठवडाभर आधी मुलगा खाली काढून देतो आणि गौरी गेल्या की परत चढवतो. त्या दिवसांपुरती बेकिंगची भांडी पलंगाखाली जातात.

चहा-साखर आता ओट्याच्या मागच्या कडेला आहे. सासूबाईंनी स्टूल बाल्कनीत नेलं आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.