लक्स–फूट-कँडल रूपांतर (प्रकाशयोजना)

एखाद्या पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर किती प्रकाश पडतो हे सांगणाऱ्या राशीला प्रदीपन म्हणतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला तर प्रदीपन एक लक्स असते आणि एका चौरस फुटावर एक ल्युमेन पडला तर ते एक फूट-कँडल असते. दोन्ही एककांत ल्युमेन तोच राहतो, फक्त क्षेत्रफळ मोजण्याचे माप बदलते. एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर असल्याने एक चौरस फूट ०.०९२९ चौरस मीटर भरतो; म्हणून १ फूट-कँडल = १०.७६४ लक्स आणि १ लक्स = ०.०९२९ फूट-कँडल. लक्सच्या आकड्याला १०.७६४ ने भागले की फूट-कँडल मिळतात. लांबीचा ३.२८ हा गुणक येथे चालत नाही, कारण रूपांतर क्षेत्रफळाचे आहे. क्षेत्रफळासाठी त्याचा वर्ग घ्यावा लागतो.

बेळगाव परिसरात हे रूपांतर पुन्हापुन्हा करावे लागते. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत शेडची लांबी-रुंदी बोलताना फुटांत सांगतात आणि जमीन गुंठ्यांत मोजतात (एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा), तर भारतीय मानक आय.एस. ३६४६ प्रदीपनाची पातळी लक्समध्ये देते. त्यातच मशीन शॉपचा ग्राहक अमेरिकेतला असेल, तर तपासणी कक्षासाठी त्याची अट फूट-कँडलमध्ये येते.

व्यवहारात १०.७६ ऐवजी १० धरण्याची सवय आहे. त्यातून सुमारे सात टक्क्यांची चूक होते, आणि ती सोयीच्या बाजूला जाते की अडचणीच्या, हे मूळ अट कोणत्या एककात आहे यावर ठरते. अट ५०० लक्सची असून कोणी ५० फूट-कँडल गाठले, तर प्रत्यक्षात ५३८ लक्स मिळतात आणि काही बिघडत नाही. अट ५० फूट-कँडलची असून कोणी ५०० लक्सवर थांबले, तर मात्र ४६.५ फूट-कँडलच मिळतात.

उदाहरणादाखल ४० फूट × २५ फुटांचा, म्हणजे १,००० चौरस फुटांचा, तपासणी कक्ष घेऊ. तपासणीच्या टेबलांच्या उंचीवर सरासरी ५० फूट-कँडल कायम टिकावेत अशी ग्राहकाची अट आहे. प्रत्येक एलईडी पॅनेल ४,००० ल्युमेनचे आहे. दिव्यांतून निघालेल्या प्रकाशापैकी किती टेबलापर्यंत पोहोचतो ते सांगणारा उपयोग गुणांक ०.६ आणि धूळ व दिव्यांची झीज धरणारा मेंटेनन्स फॅक्टर ०.८ मानला, तर प्रत्येक पॅनेलमधून टेबलाच्या पातळीवर १,९२० ल्युमेन हिशेबात धरता येतात. क्षेत्रफळ चौरस फुटांतच असल्यामुळे येथे रूपांतराची गरजच पडत नाही: ५० × १,००० म्हणजे ५०,००० ल्युमेन हवेत, त्यांना १,९२० ने भागले की २६ हून किंचित जास्त येते. म्हणून २७ पॅनेल लागतात. सात-सातच्या चार रांगा नीट बसाव्यात म्हणून २८ घेतली तर सुमारे ५३.८ फूट-कँडल, म्हणजे ५७९ लक्स मिळतात.

हाच हिशेब ‘५० म्हणजे ५०० लक्स’ असे धरून केला, तर क्षेत्रफळ ९२.९ चौरस मीटर, गरज ४६,४५० ल्युमेनची, आणि उत्तर २४.२ येते. २५ पॅनेल पाच-पाचच्या पाच रांगांत छान बसतात, मात्र टिकणारे प्रदीपन ४८ फूट-कँडलच राहते. ही चूक लगेच दिसत नाही, हीच तिची खरी अडचण आहे. दिवे नवे असताना मेंटेनन्स फॅक्टरची घट झालेली नसते, त्यामुळे ताबा देताना मीटरवर साधारण ६० फूट-कँडल दिसतात आणि सगळे निश्चिंत होतात. फाउंड्रीच्या आसपासची बारीक धूळ पॅनेलवर बसत जाते तसा आकडा उतरतो आणि पुढच्या ऑडिटमध्ये अट मोडलेली आढळते. म्हणून नव्या दिव्यांच्या मोजणीवर टिकाऊ अटीचा निकाल लावू नये.

मोठी चूक क्षेत्रफळाचे एकक विसरल्याने होते. वरच्याच कक्षात १,००० हा चौरस फुटांचा आकडा लक्सच्या सूत्रात घातला, तर २५ पॅनेलचे उत्तर ‘४८ लक्स’ येते, आणि कोणी त्याचेही पुन्हा रूपांतर केले तर ४.५ फूट-कँडल. अशी चूक लवकर ओळखू येते, कारण पन्नास लक्सच्या आसपास व्हर्नियरवरच्या बारीक रेघा वाचणे जड जाते, आणि एवढी पॅनेल लावलेला कक्ष असा अंधुक असणे शक्य नाही.

मोजताना लक्समीटरच्या पडद्यावर LUX आहे की FC, हे प्रत्येक नोंदीआधी पाहावे. एकच बटण दाबल्याने आकडा जवळजवळ अकरापट बदलतो. नोंद मूळ वाचनाच्या एककात ठेवावी, सरासरी त्याच एककात काढावी आणि रूपांतर शेवटी एकदाच करून मग आकडा पूर्णांकात आणावा. किमान आणि सरासरी प्रदीपनाचे गुणोत्तर, म्हणजे समानता, रूपांतराने बदलत नाही; ती बदललेली दिसली तर काही बिंदू एका एककात आणि काही दुसऱ्यात नोंदले गेले आहेत असे समजावे.