‘पर्सनल’ म्हणजे सगळ्यांचा एक: छोट्या ऑफिसातल्या रेडियस लॉगिनची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेजवळ एका करसल्लागारांचे ऑफिस आहे. माणसे चौदा. तिथला एक मुलगा नोकरी सोडून गेला आणि मालकांनी मला विचारले, “आता वाय-फायचा पासवर्ड बदलायचा का?” बदलायचा, तर तेरा जणांचे फोन, नऊ लॅपटॉप, प्रिंटर आणि हजेरीचे मशीन, सगळीकडे नवा टाकावा लागणार होता. न बदलावा, तर गेलेल्या माणसाकडे किल्ली राहणार. त्यातून ठरले की प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड द्यायचा, म्हणजे ते तपासणारा रेडियस सर्व्हर बसवायचा. ही कल्पना कुठून आली आणि तिच्यातला एक निर्णय आजही का छळतो, ते इथे मांडतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण ऑफिसात पहिला गोंधळ तिथेच होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय दिसतात: `WPA2-Personal` आणि `WPA2-Enterprise`. मालकांना प्रत्येकाचा ‘पर्सनल’ पासवर्ड हवा होता, म्हणून त्यांनी आधीच पहिला पर्याय निवडून ठेवला होता. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. ‘पर्सनल’मध्ये सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असतो आणि माणसागणिक वेगळे लॉगिन ‘एंटरप्राइझ’मध्ये मिळते. ही नावे ग्राहकाकडे पाहून ठेवलेली आहेत: पर्सनल म्हणजे घरगुती, एंटरप्राइझ म्हणजे मोठी कंपनी. चौदा माणसांचे ऑफिस स्वतःला मोठी कंपनी समजत नाही, त्यामुळे त्या पर्यायाकडे ते वळतच नाही. माझ्या मते छोट्या ऑफिसांत वैयक्तिक लॉगिन उशिरा पोचण्यात या नावांचा वाटा खर्चाइतकाच आहे. सर्व्हर म्हणून एखादा जुना डेस्कटॉप पुरतो आणि फ्रीरेडियस हे रेडियसचे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

रेडियसचा जन्म वाय-फायसाठी झालेलाच नाही. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात विद्यापीठांचे एक सामाईक नेटवर्क होते. लोक घरून टेलिफोनवर मोडेम लावून त्यात शिरत. फोन घेणारी मोडेमची खोकी जागोजागी होती आणि प्रत्येक खोक्यात सगळ्यांची नावे भरत बसणे अशक्य होते. उपाय असा निघाला की खोक्याने स्वतः काही ठरवू नये. त्याने नाव आणि पासवर्ड मध्यवर्ती सर्व्हरला विचारावा आणि ‘येऊ दे’ किंवा ‘नको’ एवढे उत्तर घ्यावे. १९९७ मध्ये ही पद्धत जाहीर दस्तऐवजाच्या रूपात आली आणि २००० मध्ये तिला आजचे रूप मिळाले. ज्यांनी डायल-अपवर टुर्रर्र आवाज ऐकत इंटरनेट लावले आहे, त्यांनी नकळत असेच लॉगिन वापरले आहे. रामबागेतल्या ऑफिसात आज त्या मोडेमच्या खोक्याची जागा छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटने घेतली, इतकाच फरक.

मधला वाय-फायचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९९७ ची वेप ही सुरक्षेची पद्धत २००१ मध्ये फुटली, तिच्या जागी २००३ आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीएच्या दोन आवृत्त्या आल्या. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की २००१ मध्ये तारेच्या नेटवर्कसाठी एक मानक आले होते: लॉगिन होईपर्यंत स्विचचे पोर्ट बंद ठेवायचे. तेच दार वाय-फायला बसवले आणि दारामागे रेडियसला उभे केले.

खरा वाद यानंतरचा आहे. फोनने पासवर्ड रेडियसपर्यंत न्यायचा कसा? हवेतून उघडा नेता येत नाही. सगळ्यांत मजबूत मार्ग होता ईएपी-टीएलएस: पासवर्ड नाहीच, प्रत्येक यंत्रात ओळखपत्रासारखे स्वतःचे डिजिटल सर्टिफिकेट. पण ती प्रत्येकाला वाटायची, नोकरी सुटली की रद्द करायची, म्हणजे वेगळे खातेच सांभाळायचे. म्हणून पीईएपी लोकप्रिय झाले. त्यात सर्टिफिकेट फक्त सर्व्हरकडे असते. फोन आधी सर्व्हरशी एक बंद बोगदा बांधतो आणि त्या बोगद्यातून नाव-पासवर्डाची देवाणघेवाण होते. विंडोज एक्सपीपासून हे आपोआप मिळत गेले आणि छोट्या ऑफिसांत तेच रुजले.

बोगद्याच्या आत जी पद्धत चालते ती एमएस-चॅप व्ही२, डायल-अपच्याच काळातली आणि कमजोर. २०१२ मध्ये दाखवून दिले गेले की तिची एक देवाणघेवाण हाती लागली तर एका दिवसाच्या आत ती फोडता येते, पासवर्ड कितीही लांब असो. म्हणजे सगळी सुरक्षा बाहेरच्या बोगद्यावर, आणि बोगदा खरा की खोटा हे फक्त सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरून कळते. कोणी शेजारच्या दुकानात त्याच नावाचे वाय-फाय लावून बसला आणि फोनने सर्टिफिकेट तपासलेच नाही, तर फोन त्याच्याशीही आनंदाने बोगदा बांधतो.

आणि तपासायचे की नाही, हे वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडले गेले. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये वर्षानुवर्षे `Do not validate` हा पर्याय होता. आयफोन सर्टिफिकेट समोर धरून विचारतो, भरवसा ठेवू का? घाईतला माणूस हो म्हणतो. समर्थन करणारे म्हणत की तपासणी सक्तीची केली तर लोक वैतागून सामाईक पासवर्डाकडे परततील. हा मुद्दा खोटा नाही, पण मला तो निर्णय चुकीचाच वाटतो. सामाईक पासवर्ड चोरीला गेला तर वाय-फाय जाते. न तपासलेल्या पीईएपीत एका माणसाचा पासवर्ड जातो आणि तोच पासवर्ड त्याने ईमेललाही ठेवलेला असतो. २०२० च्या अखेरीपासून नव्या अँड्रॉइडमधून हा पर्याय हटू लागला. जुन्या फोनांत तो अजूनही आहे.

याची किंमत रामबागेत कळली. सर्व्हर मी २० ऑक्टोबरला बसवला. लॅपटॉप नऊच्या नऊ स्वतः लावले, प्रत्येकात सर्व्हरमागचे मूळ सर्टिफिकेट, `ca.pem` ही फाइल, घातले. फोन ज्याचे त्याने लावले. १९ डिसेंबरला, जीएसटीचे रिटर्न भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, सकाळी एकही लॅपटॉप वाय-फायला लागेना. तेरा फोनांपैकी अकरा मात्र निवांत चालू होते. पासवर्ड बरोबर, सर्व्हर चालू, ॲक्सेस पॉइंटचे दिवे नेहमीसारखे. सर्व्हर `freeradius -X` देऊन समोर चालवला, तेव्हा बंद पडलेल्या एका फोनाच्या वेळी ओळीच्या शेवटी `fatal:certificate expired` दिसले. लॅपटॉप तर काहीच न सांगता मध्येच गप्प होत होते.

कारण साधे होते. फ्रीरेडियसबरोबर येणारी नमुन्याची सर्टिफिकेट साठ दिवसांची असतात. ती चाचणीपुरतीच आहेत, असे सोबतच्या माहितीत लिहिलेलेही असते. मी मुदत न बदलता तीच चालू ठेवली होती. पण त्या सकाळी बंद पडलेली यंत्रे बरोबर लावलेली होती. जे अकरा फोन चालत राहिले, त्यांनी मुदत संपलेले सर्टिफिकेटही स्वीकारले, म्हणजे ते काहीच तपासत नव्हते. दोन महिने ते कोणत्याही खोट्या वाय-फायला पासवर्डाची देवाणघेवाण देऊन बसले असते. कोणत्या फोनात तपासणी बंद आहे, ही यादी मला त्या दिवशी आयती मिळाली.

पुढे दोन मार्ग होते. बाजारातले सर्टिफिकेट घ्यायचे, जे फोन आपोआप ओळखतात, की स्वतःचे बनवायचे. बाजारातल्याची मुदत २०२० पासून जेमतेम तेरा महिने होती आणि पुढे टप्प्याटप्प्याने कमीच होत जाणार आहे. शिवाय फोनात सर्व्हरचे नाव भरले नाही, तर बाजारातून सर्टिफिकेट घेतलेला कोणीही भामटा खरा ठरतो. म्हणून स्वतःचेच बनवले. `ca.cnf` मध्ये `default_days` दहा वर्षांचे केले, `server.cnf` मध्ये दोन वर्षांचे. मूळ सर्टिफिकेट तेच राहिले तर सर्व्हरचे नवे करताना यंत्रांना हात लावावा लागत नाही. लॅपटॉप आणि फोन सगळे हातात घेऊन नवे मूळ सर्टिफिकेट घातले आणि त्या अकराही फोनांत `Domain` च्या रकान्यात सर्व्हरचे नाव भरले. या कामात एक अख्खा दिवस गेला. मालकांची तयारी अर्ध्या तासाची होती, पण त्यांनी थांबवले नाही.

प्रिंटर आणि हजेरीचे मशीन या लॉगिनला येतच नाहीत, त्यांना ती भाषा कळत नाही. प्रिंटरला तार ओढली आणि मशीनला वेगळे सामाईक पासवर्डाचे वाय-फाय दिले, ज्यातून ऑफिसच्या फाइलींपर्यंत वाट नाही.

अलीकडच्या काही वर्षांत वैयक्तिक लॉगिनची गरज आणखी वाढली. पूर्वी पुष्कळ ऑफिसे मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या ठरलेल्या क्रमांकावरून, यादी ठेवत. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन बनावट पत्ता दाखवू लागले आणि ती यादी निरुपयोगी झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या सायबर यंत्रणेने नोंदी १८० दिवस जपायला सांगितले, लहान उद्योगांना २५ सप्टेंबरपर्यंत सवलत देऊन. रेडियसच्या नोंदीत कोण, कोणत्या यंत्रावरून, कधी आला आणि कधी गेला एवढे मिळते. कोणती साइट पाहिली हे त्यात नसते, ते मालकांना आधीच सांगून ठेवावे लागते.

२०२४ च्या जुलैमध्ये रेडियसच्याच जुन्या गाभ्यातली एक त्रुटी बाहेर आली. त्यात एमडी५ ही कालबाह्य गणिती मोहोर आहे. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्या मधे घुसलेला माणूस सर्व्हरचा ‘नको’ हा निरोप ‘येऊ दे’ असा बदलू शकतो. वाय-फायच्या लॉगिनमध्ये एक जादा मोहोर सक्तीची असल्याने ते वाचले. पण तोच सर्व्हर राउटरच्या लॉगिनलाही वापरत असाल तर धोका आहे. म्हणून ॲक्सेस पॉइंटच्या नोंदीत ही शेवटची ओळ घातली:

```
client ap-hall {
    ipaddr = 192.168.1.20
    secret = <लांब, प्रत्येकाला वेगळे>
    require_message_authenticator = yes
}
```

फेब्रुवारीत आणखी एक मुलगी नोकरी सोडून गेली. तिचे नाव यादीतून काढले आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तिचा फोन तरीही जोडलेला दिसत होता, कारण नाव काढल्याने चालू जोडणी तुटत नाही. पुढचे लॉगिन तेवढे अडते. ॲक्सेस पॉइंटवरून तिचा फोन काढून टाकला, तेव्हा तो परत आला नाही. बाकीच्या कोणालाही पासवर्ड बदलावा लागला नाही.